प्रबंधाचे प्रकरण आणि मौखिक परीक्षा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेपूर्वी, म्हणजे सादर केलेल्या प्रबंधाचे परीक्षकांसमोर समर्थन करण्यापूर्वी, प्रत्येक प्रकरणाचा संक्षेप करावा लागतो; परंतु संक्षेप म्हणजे पन्नास-साठ पानांचा मजकूर त्याच क्रमाने दोन पानांत बसवणे, असा समज संशोधकांमध्ये सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. लिहिलेले प्रकरण वाचकाला पूर्वसंशोधनापासून निष्कर्षापर्यंत पायरीपायरीने नेते, तर परीक्षकांनी ते आधीच वाचलेले असते आणि संपूर्ण प्रबंधाच्या सादरीकरणात एका प्रकरणाच्या वाट्याला बहुधा चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ येत नाही. म्हणून बोलण्याच्या मुद्द्यांचा क्रम उलटा असावा लागतो : आधी प्रतिपादन, म्हणजे प्रकरणाने सिद्ध केलेली गोष्ट, मग ती ज्यावर उभी आहे तो पुरावा, त्यानंतर पद्धतीविषयीचा निर्णय आणि शेवटी प्रतिपादनाची मर्यादा.

उदाहरणादाखल, म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’तील दैनंदिन जीवनाच्या तपशिलांचा तेराव्या शतकाच्या समाजेतिहासासाठी उपयोग करणारे एक प्रकरण कल्पिता येईल. क्रमाने केलेला संक्षेप ‘या प्रकरणात महानुभाव पंथाचा परिचय, ग्रंथाची रचना, आहार, बाजार आणि प्रवास यांचा विचार केला आहे’ असा होईल; त्यात विषयांची यादी आहे, प्रतिपादन नाही. प्रत्येक उपविभागातील ज्या वाक्यापूर्वी ‘म्हणून’ हा शब्द शोभेल, तेवढीच वाक्ये पृष्ठांकासह वेगळी काढली, तर हाती येते ते असे : चक्रधरांच्या लीळा सांगताना आलेले बाजारहाट, जेवण आणि वाटचाल यांचे उल्लेख प्रासंगिक आहेत, ते सिद्ध करण्यात सांगणाऱ्याचा कोणताही हेतू गुंतलेला नाही, म्हणून चमत्कारांच्या वर्णनापेक्षा ते साधन म्हणून अधिक विश्वसनीय ठरतात. हे एक वाक्य नीट बांधता आले, तर उरलेले मुद्दे त्याच्या आधाराने आपोआप लागतात. ते बांधता येत नसेल, तर उणीव संक्षेपात नसून प्रकरणात आहे, आणि ती परीक्षेच्या दालनात कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

परीक्षक काय विचारतील याचा अंदाजच करता येत नाही, हा दुसरा समज. वास्तविक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बहिःस्थ परीक्षक करतात आणि त्यांपैकी किमान एक जण मौखिक परीक्षेच्या मंडळावर असतो. त्यामुळे परीक्षकांचे अहवाल उमेदवाराला मिळाले असतील, तर त्यांतील आक्षेप हीच प्रश्नांची पहिली यादी होय. दुसरी यादी प्रकरणातच दडलेली असते, कारण संशोधकाने जेथे अनेक पर्यायांतून एक निवडला, तेथे प्रश्न उद्भवतो. ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत ही जागा म्हणजे पाठाची निवड, पाठ म्हणजे हस्तलिखित परंपरेतून आलेले ग्रंथाचे विशिष्ट रूप. मूळ प्रत खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नष्ट झाल्यावर अनुयायांनी ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि त्याचे अनेक पाठ निर्माण झाले, असे परंपरा सांगते. साहजिकच परीक्षक विचारील : प्रासंगिक वाटणारा तपशील पुनर्रचना करणाऱ्यांनी स्वतःच्या काळातून भरलेला नाही, हे कशावरून?

या प्रश्नाला ‘तो तपशील एकाहून अधिक पाठांत आढळतो’ असे उत्तर तयार ठेवून बहुतेक जण थांबतात, पण अनुभवी परीक्षक तेथेच पुढचा प्रश्न टाकतो. दोन पाठ एकाच पूर्वपाठावरून आले असतील, तर त्यांची एकवाक्यता ही दोन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष नसते; ती केवळ त्या समान पूर्वपाठापर्यंत पोहोचवते. म्हणून प्रत्येक संभाव्य प्रश्नाखाली उत्तराची एक ओळ, प्रबंधातील पृष्ठांक आणि उत्तरानंतर येणारा उपप्रश्न अशी नोंद करावी. येथील उपप्रश्नाला ग्रंथाबाहेरच्या पुराव्याने, उदाहरणार्थ यादवकालीन शिलालेखांतील उल्लेखांशी ताडून, उत्तर द्यावे लागेल, आणि ज्या तपशिलाला असा आधार नाही, त्याविषयीचे विधान सौम्य करावे लागेल.

मर्यादा कबूल केल्यास गुण कमी होतात, ही भीतीही याच जागी खोटी ठरते. हा तपशील तेराव्या शतकाचा आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, मात्र उपलब्ध पाठांच्या समान पूर्वपाठात तो होता असे म्हणता येते, हे उत्तर विधान सोडून देत नाही, तर पुराव्याला पेलेल एवढेच ठेवते. पाठ केलेले संपूर्ण उत्तर मात्र प्रश्नाचे शब्द बदलताच निसटते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात संशोधकाने आपल्या टिपणातील पृष्ठांक सादर केलेल्या छापील प्रतीशी एकदा अवश्य ताडून पाहावेत, कारण परीक्षकाच्या हातात तीच प्रत असते.