किल्ली तुटली, सिलिंडर वाचवा

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीचा तिसरा मजला डोळ्यांसमोर आणा. जुलै महिना, रात्रीचे साडेनऊ. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात ओली छत्री. दमट हवेनं लाकडी दार फुगलेलं. लॅचमध्ये किल्ली घालून फिरवली, तर पाव वळसाही झाला नाही तोच ती जड लागली. सवयीनं जरा जोर दिला आणि किल्लीचं मुंडकं हातात आलं. पातं आतच राहिलं.

यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत जे केलं जातं, त्यावर कुलपाचं भवितव्य ठरतं. शेजारी जमतात. कुणी सेफ्टी पिन आणतं, कुणी म्हणतं घरातली दुसरी किल्ली घालून बघा, कुणी मुंडक्याला झटपट चिकटणारा गोंद लावून ते परत जोडायला सांगतं. हे तिन्ही उपाय टाळायला हवेत. पिन आणि दुसरी किल्ली तुकड्याला आणखी आत ढकलतात. गोंद तर तुकड्यावर थांबतच नाही. तो ओघळून आतल्या पिनांच्या बारीक भोकांत उतरतो आणि तिथेच घट्ट होतो. मग सिलिंडर बदलण्यावाचून सहसा इलाज उरत नाही.

तुकडा सुटा करायचा तर त्याला धरून काय ठेवतं, हे आधी कळायला हवं.

फ्लॅटच्या दाराला असतं ते पिनांचं सिलिंडर अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियर यांच्या 1861 आणि 1865 च्या पेटंटांतून आजच्या रूपाला आलं. बाहेर पितळेचं स्थिर कवच आणि त्यात फिरणारा गोल गाभा. किल्लीची चीर या गाभ्यात असते. कवच आणि गाभा या दोघांना आरपार छेदणारी साधारण पाच भोकं एका रांगेत असतात. प्रत्येक भोकात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांना किल्लीकडे दाबणारी एक स्प्रिंग. किल्ली नसताना कवचाकडच्या पिना अर्ध्या गाभ्यात उतरलेल्या असतात, म्हणून गाभा फिरत नाही. योग्य किल्ली गेली की तिच्या खाचा प्रत्येक जोडीला बरोबर इतकं उचलतात, की दोन पिनांमधला सांधा गाभ्याच्या काठावर येतो आणि गाभा मोकळा होतो.

म्हणजे तुटलेला तुकडा निव्वळ अडकलेला नसतो. पाच पिना पाच खाचांत बसून त्याला धरून असतात. गाभा सरळ असेल तर तुकडा ओढताच खाचांच्या उतारावरून पिना वर सरकतात, स्प्रिंगा दबतात आणि तुकडा पुढे येतो. पण गाभा थोडा जरी फिरलेला असेल, तर पिनांच्या डोक्यावर भोक नसतं, कवचाची सलग भिंत असते. पिनांना वर सरकायला जागाच नाही. अशा वेळी पक्कड लावून कितीही ओढलं तरी तुकडा येत नाही. उलट पिना वाकतात किंवा गाभ्यावर ओरखडे पडतात. या कामातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती बघणाऱ्याला दिसतही नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा: चीर कुठे उभी आहे? रोज किल्ली घालताना ती ज्या दिशेला असते, त्याच दिशेला आहे, की तिरपी झाली आहे? टॉर्च मारून पाहिलं की कळतं. शंका वाटली तर शेजारच्या तशाच लॅचशी ताडून बघावं.

आपल्या ठाण्याच्या दारात चीर तिरपी आहे. पण इथे एक गोष्ट घरमालकाच्या बाजूची आहे. किल्ली पूर्ण आत गेल्यावर तुटली, त्यामुळे तुकड्याच्या खाचा अजून आपापल्या पिनांखालीच आहेत. म्हणजे कुलपाच्या दृष्टीनं किल्ली अजून आतच आहे. गाभा फिरू शकतो, तो फिरवायला मुंडकं तेवढं नाही. तुकडा काढण्याची घाई केली आणि तो एका खाचेइतका जरी पुढे सरकला, तर ही सोय गेली. म्हणून आधी दार उघडायचं, तुकडा मागाहून काढायचा.

त्यासाठी चिरेच्या तोंडात मावेल असा अरुंद, चपटा स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो चिरेत टेकवायचा, पण तुकडा आत ढकलायचा नाही. एकानं खांद्यानं दार चौकटीत दाबून धरावं किंवा मुठीनं आपल्याकडे ओढावं. ज्या बाजूला बोल्टवरचा ताण सुटतो ती बाजू. दुसऱ्यानं हलक्या हातानं गाभा फिरवावा. मुळात किल्ली तुटली ती बोल्ट चौकटीतल्या पट्टीवर घासून जाम झाला म्हणून. तो ताण गेला की गाभा दोन बोटांच्या जोरावर फिरतो. फिरला नाही तर जोर वाढवू नये. पितळ मऊ असतं, चिरेच्या कडा चेपल्या तर नंतर चांगली किल्लीही तिथे अडते.

दार उघडलं. आता घाई उरली नाही. स्क्रू ड्रायव्हरनंच गाभा मूळ जागी आणायचा. चीर बरोबर सरळ झाली की पिना पुन्हा आपल्या भोकांच्या रेषेत येतात आणि तुकडा सुटायला तयार होतो.

तुकड्याचा मिलिमीटर-दोन मिलिमीटर भाग बाहेर डोकावत असेल तर बारीक टोकाचा चिमटा पुरतो. जाड तोंडाची पक्कड वापरू नये. ती तुकडा नीट पकडायच्या आत त्याला मागे ढकलते. तुकडा तोंडाशी सपाट किंवा आत असेल तर चावीवाले आकडीचं हत्यार वापरतात, टोकाला उलटा काटा असलेली पोलादी पट्टी. घरी तेच काम सोनार नक्षी कापायला वापरतात त्या करवतीच्या पात्यानं होतं. ही पाती दोऱ्यासारखी बारीक असतात आणि सोनारकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. प्लायवूडवरच्या नक्षीकामाचं बारीक पातंही चालतं.

पात्यावरून नख फिरवून बघावं. एका दिशेला ते गुळगुळीत जातं, उलट दिशेला दाते नखाला लागतात. दात्यांची टोकं आपल्याकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूला येतील असं पातं धरायचं. त्यामुळे आत जाताना ते सरकतं आणि ओढताना रुततं. पातं तुकड्याच्या खाचांच्या बाजूनं घालायचं. खाचा वर की खाली, हे हातातल्या दुसऱ्या किल्लीवरून समजतं, कारण सगळी सिलिंडरं एकाच तऱ्हेनं बसवलेली नसतात. पातं एक-दोन सेंटिमीटर आत गेलं की किंचित पीळ देऊन दाते तुकड्याकडे वळवायचे आणि सरळ रेषेत, सावकाश ओढायचं. पहिल्या ओढीत तुकडा जेमतेम हलतो. मग थांबून पातं पुन्हा थोडं आत घालायचं आणि पुन्हा ओढायचं. पकड येतच नसेल तर तुकड्याच्या दोन्ही अंगांनी एकेक पातं घालून बाहेरची टोकं एकत्र पिळावीत आणि दोन्ही मिळून ओढावीत. ही पाती ठिसूळ असतात. आडवा जोर दिला तर तीच आत तुटतात आणि कुलपात एकाऐवजी दोन तुकडे होतात.

ओढताना स्क्रू ड्रायव्हर चिरेतून काढलेला असावा, हे फार महत्त्वाचं. गाभ्यावर फिरवण्याचा थोडासाही दाब राहिला तर पिना भोकाच्या कडेला आवळल्या जातात आणि उतारावरून वर चढत नाहीत. अनेकांना वाटतं तुकडा गंजून बसला आहे, आणि त्यांच्याच दुसऱ्या हाताचा दाब त्याला धरून असतो.

वंगण घालायचं ते ओढण्याआधी, आणि कोरडं: ग्राफाइटची पूड किंवा कुलपांसाठी मिळणारा कोरडा स्प्रे, तोही थोडासाच. खोबरेल तेल घालायची सवय घरोघरी आहे, ती सोडायला हवी. साधारण 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, आणि एरवी धूळ धरून पिनांभोवती चिकट थर करतं. लोहचुंबकावरही विसंबू नये. तो पोलादी किल्लीला ओढेल, पितळेच्या किल्लीला नाही, आणि पितळेच्या किल्लीवर निकेलचा चकचकीत मुलामा असला की नुसतं बघून फरक कळत नाही. मुंडक्याला चुंबक लावून आधी तपासता येतं.

तुकडा बाहेर आला की तो मुंडक्याला जोडून टेबलावर ठेवावा आणि दुसऱ्या किल्लीशी लांबी ताडावी. दोन्ही सारख्या भरल्या तर आत काही राहिलेलं नाही. कमी भरली तर टोकाचा कण अजून आत आहे. तो तसाच ठेवून नवी किल्ली घातली तर ती पूर्ण आत जाणार नाही. हे दोन्ही तुकडे टाकून देऊ नयेत. दुसरी किल्ली नसेल तर चावीवाला ते जुळवून त्यावरून नवी कापू शकतो.

करवतीच्या पात्यानं काही प्रयत्नांत काम झालं नाही, तर थांबावं. दार उघडंच असल्यामुळे सिलिंडर काढून चावीवाल्याकडे नेता येतं. बऱ्याच नव्या दारांच्या सिलिंडरला दाराच्या जाडीतला एकच लांब स्क्रू धरून असतो. जुन्या लॅचच्या सिलिंडरला आतून दोन स्क्रू असतात. यातल्या काही प्रकारांत मागची पट्टी काढली की चिरेचं दुसरं तोंड दिसतं आणि बारीक तारेनं तुकडा मागून पुढे लोटता येतो. गाभा मात्र घरी बाहेर ओढू नये. पिना आणि स्प्रिंगा सांडल्या तर त्या आपापल्या क्रमानं परत बसवणं जाणकाराचंच काम. आणि दार बंद असताना बोलावलेल्या माणसानं आल्या आल्या ड्रिल काढलं, तर त्याला विचारावं की गाभा सरळ करून आकडीनं बघितलं का. ड्रिल लावलं की सिलिंडर संपलं. तो उपाय शेवटचा आहे.

आता तुटलेल्या कडेकडे टॉर्च धरून बघावं. संपूर्ण कड चमकदार असेल तर किल्ली एका झटक्यात तुटली. काही भाग काळपट आणि काही भाग चमकदार दिसला, तर काळपट भागात भेग आधीपासून होती. मुंडक्याजवळची पहिली खोल खाच ही किल्लीची सगळ्यात अरुंद जागा. रोजचा पीळ तिथेच साठतो आणि बहुतेक किल्ल्या तिथेच मोडतात.

नवी किल्ली आल्यावर ती आधी दार उघडं ठेवून फिरवावी, मग बंद करून. उघड्या दारात हलकी आणि बंद दारात जड लागली, तर दोष किल्लीचा नाही आणि सिलिंडरचाही नाही. बिजागरीचे स्क्रू आवळावेत. त्यानं भागलं नाही तर चौकटीतल्या पट्टीचं भोक बोल्ट घासतो त्या बाजूला कानशीनं थोडं मोठं करून घ्यावं. हे पावसाळा संपायची वाट न बघता त्याच आठवड्यात करा, नाहीतर नवी किल्लीही त्याच खाचेत तुटेल.