पैसे भरले, सेवा मिळालीच नाही: बँकेला काय लिहायचं?

कार्डाने पैसे भरले आणि ज्यासाठी भरले ते मिळालंच नाही, तर आपल्या बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. म्हणजे आपली बँक विक्रेत्याच्या बँकेकडून ती रक्कम परत मागते. हे चालतं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या कार्ड नेटवर्कच्या नियमांनी. बँकेच्या अर्जात 'काय घडलं ते लिहा' असा एक रकाना असतो. बहुतेक जण तिथे आपला संताप ओततात, आणि खरी बाजू असूनही दावा तिथेच कमजोर होतो.

तो मजकूर आधी बँकेच्या तक्रार विभागातला कर्मचारी वाचतो. पुढे त्यातला आशय विक्रेत्याच्या बँकेमार्फत विक्रेत्यापर्यंत जातो आणि त्याला उत्तर देण्याची मुदत मिळते. कोण सज्जन आणि कोण लबाड, हे यांतलं कुणी ठरवत नाही. काय विकत घेतलं, ते कधी मिळणार होतं, मिळालं का, आणि ग्राहकाने आधी विक्रेत्याकडे दाद मागितली का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे निवेदन लिहिताना विक्रेता काय उत्तर देईल ते डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका परिचारिकेला जर्मनीत नोकरीसाठी जायचं आहे. तिने 10 फेब्रुवारी 2025 रोजी एका ऑनलाइन संस्थेला क्रेडिट कार्डाने 36,000 रुपये भरले. ठरलं होतं असं की 24 थेट वर्ग होतील आणि पहिला वर्ग 3 मार्चला भरेल. 3 मार्चला संस्थेने वर्ग 17 मार्चवर ढकलला. 17 तारखेलाही वर्गाची लिंक आली नाही. दोन ईमेलना उत्तर नाही, फोन कुणी उचलत नाही.

पहिला निर्णय कारणाचा. अर्जात कारणांची यादी असते. रागाच्या भरात अनेक जण 'फसवणूक' निवडतात. पण कार्डांच्या भाषेत फसवणूक म्हणजे तो व्यवहार कार्डधारकाने केलेलाच नव्हता. इथे ओटीपी तिनेच टाकला आहे, त्यामुळे तो दावा लगेच पडतो, आणि बँक कार्ड बंद करते ते वेगळंच. तिचं कारण 'सेवा मिळाली नाही' हे आहे. व्हिसाच्या नियमांत त्याचा क्रमांक 13.1. 'सेवा निकृष्ट होती' आणि 'मी रद्द केली' ही दोन कारणं वेगळी आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे लागतात. एकाच निवेदनात ही सगळी कारणं घातली, तर विक्रेता त्यांतलं त्याला सोयीचं तेवढं उचलतो.

'रद्द' या कारणाला विशेष जपावं लागतं. तिने संस्थेला 'आता मला क्लास नको, पैसे परत करा' असं लिहिलं असतं, तर संस्था तोच ईमेल दाखवून म्हणाली असती की ग्राहकाने स्वतः माघार घेतली आणि आमच्या अटींत परतावा नाही. म्हणून विक्रेत्याला लिहितानाच क्रम नीट हवा: ठरल्या तारखेला वर्ग सुरू झाला नाही, अमुक तारखेपर्यंत सुरू करा, नाही केलात तर सेवा न दिल्याबद्दल रक्कम परत करा.

आता तिचं निवेदन:

'10 फेब्रुवारी 2025 रोजी मी या संस्थेला 36,000 रुपये भरले. त्यात जर्मन भाषेचे 24 थेट ऑनलाइन वर्ग मिळायचे होते आणि पहिला वर्ग 3 मार्चला होता (पावती व माहितीपत्रक, जोडपत्र 1). 3 मार्चला संस्थेने वर्ग 17 मार्चवर ढकलल्याचं कळवलं (जोडपत्र 2). 17 मार्चला वर्ग झाला नाही आणि आजपर्यंत 24 पैकी एकही वर्ग झालेला नाही. 18 आणि 24 मार्चला मी ईमेल करून वर्ग सुरू करण्याची किंवा रक्कम परत करण्याची मागणी केली (जोडपत्र 3). उत्तर आलेलं नाही. संस्थेने एका पोर्टलचं लॉगिन पाठवलं आहे, पण त्यावर फक्त आधी मुद्रित केलेले व्हिडिओ आहेत. मी थेट वर्गांचे पैसे भरले होते. मी प्रवेश रद्द केलेला नाही. 36,000 रुपये परत मिळावेत ही विनंती.'

यातली लॉगिनबद्दलची वाक्यं सर्वांत मोलाची आहेत. संस्था जवळपास नक्की म्हणणार की 'आम्ही लॉगिन दिलं, म्हणजे सेवा दिली'. ती गोष्ट निवेदनात गाळली असती, तर संस्थेचं उत्तर आल्यावर ती लपवल्यासारखी दिसली असती. आधीच सांगितल्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की विकलं काय होतं, आणि त्याचं उत्तर माहितीपत्रकात आहे. म्हणून संस्थेच्या पानाचा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट लवकर काढून ठेवावा. वाद सुरू झाल्यावर मजकूर बदललेला असू शकतो.

समजा, आठ वर्ग होऊन नंतर बंद पडले असते. मग पूर्ण रक्कम मागणं चुकीचं ठरतं. न मिळालेल्या 16 वर्गांचे, प्रत्येकी 1,500 प्रमाणे 24,000 रुपये मागावेत आणि हिशोब निवेदनातच मांडावा. मिळालेले वर्ग दडवले, तर संस्था हजेरीची नोंद पाठवते आणि उरलेल्या खऱ्या भागावरचा विश्वासही जातो.

बँकेचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो. छोटी, सरळ वाक्यं लिहावीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद मराठीत असेल, तर महत्त्वाच्या ओळींचं इंग्रजी भाषांतर जोडावं आणि तारीख व पाठवणाऱ्याचा नंबर स्क्रीनशॉटमध्ये दिसू द्यावा.

मुदतीचं भान हवं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा दाव्याला साधारणपणे सेवा मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून 120 दिवस मिळतात. 3 मार्चपासून मोजले तर 1 जुलैपर्यंत. मात्र बँकेने स्वतःची मुदत याहून कमी ठेवलेली असू शकते. 'पुढच्या आठवड्यात नक्की' या आश्वासनांवर हेच दिवस संपतात.

दावा चालू असताना बँक रक्कम तात्पुरती जमा करू शकते. विक्रेत्याचं उत्तर मान्य झालं तर ती पुन्हा वजा होते, म्हणून लगेच खर्च करू नये. बिलातली रक्कम थकवण्याआधी व्याज आणि दंड लागेल का, हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावं. पैसे ईएमआयमध्ये वळवले असतील तर हप्ता परस्पर थांबवू नये. विक्रेत्याचं उत्तर आल्यावर बँक आपलं म्हणणं विचारते. तेव्हा नवी गोष्ट न सांगता त्याच्या प्रत्येक मुद्द्याला तारीख आणि जोडपत्राने उत्तर द्यावं.

बँकेने दावा नाकारला तर कारण लेखी मागावं. तक्रारीवर 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण लोकपाल बँकेच्या सेवेतली त्रुटी पाहतो. संस्थेविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर किंवा ग्राहक आयोगाकडे करावी लागते, आणि तिथेही हेच निवेदन, हीच जोडपत्रं जशीच्या तशी उपयोगी पडतात.