केप्लरचे समीकरण आणि सुरुवातीचा सुरक्षित अंदाज

लंबवर्तुळाकार कक्षेतला धूमकेतू ठरावीक वेळी कुठे असेल, हे सांगण्यासाठी केप्लरचे समीकरण सोडवावे लागते:

`M = E - e sin E`

e ही कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे ती किती लांबट आहे याचे माप. M हा मध्यम कोन: उपसूर्य बिंदूपासून किती काळ लोटला त्याच्या प्रमाणात तो सारख्या गतीने वाढतो. शोधायचा असतो तो उत्केंद्र कोन E, कारण धूमकेतूचे खरे स्थान त्यावरून निघते. मात्र E एकदा सुटा आणि एकदा sin च्या आत आल्याने तो साध्या बीजगणिताने वेगळा काढता येत नाही. तो अंदाज सुधारत शोधावा लागतो.

त्यासाठी न्यूटनची स्पर्शिका पद्धत सोयीची. `f(E) = E - e sin E - M` या फलाचा आलेख काढायचा, अंदाजाच्या जागी त्याला स्पर्शिका काढायची आणि ती अक्षाला जिथे छेदेल तो नवा अंदाज धरायचा:

`E_new = E - (E - e sin E - M) / (1 - e cos E)`

भागाकारातला छेद हा आलेखाचा चढ. e एकापेक्षा कमी असल्याने तो कधी शून्य होत नाही, म्हणून उत्तर एकच असते. पण e एकाच्या जवळ आणि E लहान असेल, तर चढ फार मंद होतो. धोका तिथेच आहे.

हॅलेच्या धूमकेतूची e सुमारे ०.९६७ आणि आवर्तनकाळ सुमारे ७६ वर्षे. उपसूर्य बिंदूनंतर तीन वर्षांनी M ०.२४८ रेडियन होतो. M हाच पहिला अंदाज घेणे स्वाभाविक वाटते. जवळपास वर्तुळाकार कक्षांना तो चालतोही. इथे मात्र चढ जेमतेम ०.०६३ आहे. जवळजवळ आडवी स्पर्शिका अंदाजाला एका फटक्यात ४.०४ वर नेते, म्हणजे π च्याही पलीकडे, कक्षेच्या परतीच्या अर्ध्यात. या वेळी पुढच्या पायऱ्यांत गणित सावरते, पण ती हमी नव्हे. e आणखी वाढली की अंदाज बराच काळ भरकटू शकतो.

π पासून सुरुवात केली तर असे होत नाही. ० ते π दरम्यान आलेख वरच्या बाजूला वळत जातो, त्यामुळे स्पर्शिका नेहमी त्याच्या खाली राहते. उत्तराच्या उजवीकडून निघालेला अंदाज म्हणूनच उत्तर ओलांडत नाही, फक्त त्याच्याकडे उतरत येतो: ३.१४२, १.६७१, १.२५१, १.१२९, १.११७.

उत्तर M + e पेक्षा मोठे कधीच नसते, कारण sin ची कमाल किंमत एक. म्हणून π आणि M + e यांपैकी लहान संख्या घेणे अधिक चांगले. इथे ती १.२१५, त्यानंतर १.१२४ आणि १.११७. सुरक्षितता तीच, पायऱ्या निम्म्या. M आधी ० ते π मध्ये आणावा. परतीच्या अर्ध्यासाठी 2π - M घेऊन शेवटी मिळालेला E 2π मधून वजा करावा.

`r = a(1 - e cos E)` मध्ये E = १.११७ आणि a सुमारे १७.९ खगोलीय एकके घातली, की सूर्यापासूनचे अंतर सुमारे १०.३ एकके येते: शनीच्या कक्षेच्या थोडे पलीकडे.