अंतरालांचे दुभाजन आणि अभिसारी उपक्रमिका

१, −१, १, −१ अशा संख्या एकामागून एक अखंड लिहीत गेल्यास ती क्रमिका कोणत्याही एका संख्येकडे झुकत नाही. परंतु तिच्यातील पहिले, तिसरे, पाचवे अशी पदेच निवडली, तर उरते ती १, १, १ अशी क्रमिका, आणि ती अर्थातच अभिसारी आहे. मूळचा क्रम न मोडता काही पदे गाळून मिळणाऱ्या अशा क्रमिकेला उपक्रमिका म्हणतात. आता प्रश्न असा की, कोणत्याही क्रमिकेतून अशी स्थिरावणारी उपक्रमिका काढता येईल काय? १, २, ३, ४ या क्रमिकेतून ती निघत नाही हे उघड आहे, कारण तिची पदे अमर्याद वाढतात. परंतु सर्व पदे दोन ठरावीक संख्यांच्या दरम्यान राहत असतील, म्हणजेच क्रमिका परिबद्ध असेल, तर उत्तर नेहमीच होकारार्थी येते. हा सिद्धांत बोल्झानो आणि वायरश्ट्रास या दोन गणितज्ञांच्या नावाने ओळखला जातो. अंतरालाचे वारंवार दोन भाग करण्याची युक्ती बोल्झानो याने १८१७ साली प्राग येथे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, थोड्या निराळ्या हेतूने, वापरली होती.

समजा, क्रमिकेची सर्व पदे −M आणि M यांच्या दरम्यान आहेत. या अंतरालाचे मध्यावर दोन भाग करू. दोन्ही भागांत सांत पदेच असती, तर एकूण पदेही सांत झाली असती. तेव्हा निदान एका भागात अनंत पदे असलीच पाहिजेत. तो भाग घेऊ. दोन्ही तसे असतील तर डावा घेऊ. त्याचेही पुन्हा दोन भाग करू, आणि असेच पुढे चालू ठेवू. येथे ‘अनंत पदे’ याचा अर्थ अनंत स्थाने असा आहे, अनंत भिन्न मूल्ये असा नव्हे. नवशिका वाचक बहुधा येथेच अडखळतो. आरंभीच्या उदाहरणात मूल्ये दोनच आहेत, परंतु १ हे मूल्य अनंत स्थानी येते, आणि आपल्याला तेवढे पुरेसे आहे.

आता निवडलेल्या प्रत्येक अंतरालातून एकेक पद घ्यावयाचे, मात्र प्रत्येक वेळी आधीच्या पदाच्या पुढच्या स्थानावरचे. हे नेहमीच शक्य असते, कारण अंतरालात अनंत पदे आहेत आणि मागे पडलेली पदे सांतच असतात.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहू. १/२, १/३, २/३, १/४, २/४, ३/४, १/५, … अशी अपूर्णांकांची क्रमिका घेऊ. ती ० ते १ या अंतरालात आहे आणि त्याच्या कोणत्याही लहानशा भागातही तिची अनंत पदे सापडतात. तेव्हा निवड आपल्या मर्जीची. प्रथम डावा भाग, मग उजवा, पुन्हा डावा, असे आळीपाळीने घेऊ. अंतराले येतात ती अशी: ० ते १/२, १/४ ते १/२, १/४ ते ३/८, ५/१६ ते ३/८. त्यांतून क्रमाने १/२ (पहिले पद), १/३ (दुसरे), १/४ (चौथे) आणि २/६ (बारावे) ही पदे मिळतात. दहा दुभाजनांनंतर अंतरालाची लांबी केवळ १/१०२४ उरते. ही उपक्रमिका १/३ कडे जाते. निवड बदलली की सीमाही बदलते.

परंतु सिद्धता अद्याप पुरी झालेली नाही. एकात एक सामावलेली ही अंतराले शेवटी कोणत्या तरी संख्येभोवती मिटतात, हे कशावरून? त्यांची डावी टोके कधीही मागे सरत नाहीत आणि कोणत्याही उजव्या टोकाला ओलांडत नाहीत. म्हणून त्यांना एक लघुतम ऊर्ध्व परिबंध असतो. त्याला L म्हणू. L प्रत्येक अंतरालात असतो. k दुभाजनांनंतर अंतरालाची लांबी 2M/2ᵏ असते. म्हणून त्यातून निवडलेले पद L पासून त्याहून दूर असू शकत नाही. हे अंतर शून्याकडे जाते. सिद्धता पुरी झाली.

लघुतम ऊर्ध्व परिबंध असतोच, हा वास्तव संख्यांचा विशेष गुणधर्म आहे, आणि सिद्धांताचा सारा भार त्यावरच आहे. केवळ परिमेय संख्याच मानल्या तर काय होईल? ०.७, ०.७०, ०.७०७, ०.७०७१, … ही २ च्या वर्गमुळाच्या निम्म्याची दशांश मूल्ये घ्या. दुभाजन पूर्वीप्रमाणेच चालेल, अंतरालेही आक्रसत जातील, परंतु ती ज्या बिंदूभोवती मिटतात तेथे परिमेय संख्याच नाही. या क्रमिकेची कोणतीही उपक्रमिका परिमेय संख्यांत अभिसारी होत नाही.

या सिद्धतेची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. अनंत पदे कोणत्या भागात आहेत हे ती ठरवून देत नाही. कोणत्या तरी एका भागात ती आहेत, एवढेच सांगते. क्रमिकेची पहिली दहा लक्ष पदे उजव्या भागात असतील आणि त्यानंतरची सर्व डाव्या भागात. कितीही पदे तपासली तरी केवळ तेवढ्यावरून योग्य भाग ओळखता येत नाही. वरील उदाहरणात आपल्याला तो ओळखता आला, कारण क्रमिकेचा नियम आपल्या हाती होता.