‘वन्दे’ आणि ‘नमामि’

नववीच्या संस्कृतच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. ‘नमामि’ म्हणजे मी नमस्कार करतो आणि ‘वन्दे’ म्हणजे मी वंदन करतो. कर्ता एकच, काळ एकच, अर्थही जवळजवळ एकच. मग एका क्रियापदाच्या शेवटी ‘मि’ आणि दुसऱ्याच्या शेवटी ‘ए’ का? ‘नम् परस्मैपदी, वन्द् आत्मनेपदी, पाठ करा’ हे उत्तर चूक नाही, पण त्याने विद्यार्थ्याच्या हाती अठरा सुटे प्रत्यय येतात आणि परीक्षेत ‘वन्दामि’, ‘लभति’ अशी रूपे दिसू लागतात. हे अठरा प्रत्यय खरोखरच सुटे आहेत काय, हे आपण या लेखात तपासून पाहू. मराठी भाषकाला त्यासाठी घरचाच थोडा पुरावा उपलब्ध आहे.

आधी ‘पच्’ या धातूची वर्तमानकाळाची परस्मैपदी रूपे समोर ठेवू. (पच् म्हणजे शिजवणे. मराठीतले ‘पचणे’ इथे मनात आणू नये.) प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’, मध्यम म्हणजे ‘तू’ आणि उत्तम म्हणजे ‘मी’, हा संस्कृतचा क्रम आहे.

पचति – पचतः – पचन्ति
पचसि – पचथः – पचथ
पचामि – पचावः – पचामः

यातले मधले खाणे द्विवचनाचे. द्विवचन प्राकृतातच लोपले, त्यामुळे त्याची खूण मराठीत शोधण्यात अर्थ नाही. बाकीची रूपे मात्र आपल्या ओळखीची आहेत. ‘तो रोज नदीवर जाई, तू जाईस, ते जात’ ही मराठीतल्या रीतिभूतकाळाची रूपे घ्या. आज ती भूतकाळातली सवय सांगतात, पण जुन्या मराठीत हाच वर्तमानकाळ होता आणि तो संस्कृतच्या वर्तमानकाळापासून प्राकृतमार्गे आलेला आहे. ‘जाईस’मधला ‘स’ हा ‘सि’ प्रत्ययाचा अवशेष आहे. तोच ‘स’ आपण ‘जातोस’, ‘आहेस’ यांतही लावतो.

‘जाई’ आणि ‘जात’ यांची तुलना अधिक उद्बोधक आहे. मूळ रूपे ‘याति’ आणि ‘यान्ति’. दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ‘त’ प्राकृतात झिजून गेला, म्हणून ‘याति’चे ‘जाइ’ आणि पुढे ‘जाई’ झाले. ‘यान्ति’मधला ‘त’ ‘न’च्या जोडीने उभा होता, त्यामुळे तो टिकला आणि ‘ते जात’मध्ये आजही ऐकू येतो. एकवचनात ‘त’ नाही आणि अनेकवचनात आहे, हे मराठीपुरते पाहिले तर निष्कारण वाटते. संस्कृत प्रत्यय शेजारी ठेवले की कारण दिसते. ‘मि’मधला ‘म’ही असाच विरघळून अनुस्वार झाला. जुन्या पुस्तकांत ‘मी जाईं’ असे छापलेले आढळते. 1962 च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘मि’ची शेवटची खूण कागदावरून गेली.

इथेच विद्यार्थ्यांच्या आणखी एका शंकेचे उत्तर मिळते. ‘सः पचति’ आणि ‘सा पचति’ यांत क्रियापद बदलत कसे नाही? मराठीत तर ‘तो जातो, ती जाते’ असा फरक होतो. पण ‘तो जाई, ती जाई’ यात तो होत नाही. ‘जाई’ हे खरे वर्तमानकाळाचे रूप आहे. ‘जातो’ हे ‘जाणारा’ अशा अर्थाच्या धातुसाधित विशेषणातून आले आहे, आणि विशेषण म्हटले की लिंग आलेच.

आता ‘पचति’ची जुळणी पाहू. पच् हा धातू, मध्ये ‘अ’ आणि शेवटी ‘ति’. हा मधला ‘अ’ धातूचाही नाही आणि पुरुष दाखवणाऱ्या प्रत्ययाचाही नाही. पहिल्या गणातल्या धातूंना तो लागतो. पुढचा प्रत्यय ‘म’ किंवा ‘व’ने सुरू होत असेल तर हा ‘अ’ दीर्घ होतो, म्हणून पचामि, पचावः, पचामः. ‘पचमि’ लिहिणारा विद्यार्थी एवढेच विसरलेला असतो. ‘अन्ति’च्या आधी मात्र दोन ‘अ’ एकत्र येऊनही दीर्घ होत नाहीत, एकच उरतो. म्हणून ‘पचन्ति’.

खरा उलगडा होतो तो अनद्यतन भूतकाळाची (लङ्) रूपे शेजारी मांडल्यावर. अपचत्, अपचः, अपचम् आणि अपचन्. मागचा ‘अ’ भूतकाळाची खूण आहे, तो बाजूला ठेवू. ‘ति’ आणि ‘त्’, ‘सि’ आणि ‘स्’ (त्याचाच शेवटी विसर्ग झाला), ‘मि’ आणि ‘म्’ या जोड्यांत फरक फक्त एका ‘इ’चा आहे. ‘अपचन्’ही अपवाद नाही. ‘अन्ति’तला ‘इ’ काढला की ‘अन्त्’ उरते आणि शब्दाच्या शेवटी असे जोडव्यंजन संस्कृत सहसा ठेवत नाही, त्यामुळे ‘त्’ गळतो. म्हणजे म्, स्, त् आणि अन्त् हे कोणी केले ते सांगतात, तर ‘इ’ सांगतो की ते आत्ता चालले आहे. अर्थात ही फोड नऊपैकी चारच प्रत्ययांना लागू पडते. द्विवचनाचे प्रत्यय, तसेच ‘थ’ आणि ‘मः’ यांत असा ‘इ’ नाही, आणि तिथे तो ओढूनताणून शोधू नये.

आत्मनेपदाकडे वळू. त्याच धातूची रूपे अशी:

पचते – पचेते – पचन्ते
पचसे – पचेथे – पचध्वे
पचे – पचावहे – पचामहे

नऊच्या नऊ रूपांच्या शेवटी ‘ए’ आहे. भूतकाळात हेच अपचत, अपचन्त, अपचध्वम्, अपचामहि असे दिसतात. ‘त’चे ‘ते’, ‘अन्त’चे ‘अन्ते’, ‘ध्वम्’चे ‘ध्वे’, ‘महि’चे ‘महे’. म्हणजे इथेही वर्तमानकाळाची खूण शेवटच्या स्वराशीच आहे. ‘अ’मध्ये ‘इ’ मिसळला की ‘ए’ होतो हा संधी आपल्याला माहीत आहेच, आणि ‘त’ व ‘ते’ यांचे नाते तसेच समजता येते. अपवाद एका जागी ठळक आहे: ‘तू’साठी भूतकाळात ‘अपचथाः’ आणि वर्तमानकाळात ‘पचसे’. हे ‘से’ वेगळे लक्षात ठेवावे लागते. मात्र त्याचा ‘स’ ‘सि’तल्या ‘स’शी जुळतो, हा आधार पुरेसा आहे.

पाणिनीने हे सारे पाहिले होते. क्रियापदाच्या अठरा मूळ प्रत्ययांची यादी करताना त्याने परस्मैपदात ‘इ’सह रूपे घेतली आणि भूतकाळासाठी तो ‘इ’ काढण्याचा नियम सांगितला. आत्मनेपदात त्याने उलट केले. मूळ यादीत ‘ए’ नसलेली रूपे घेतली आणि वर्तमानकाळासाठी शेवटच्या भागाचा ‘ए’ करण्याचा नियम दिला. ‘से’साठी त्यालाही स्वतंत्र सूत्र करावे लागले.

‘पचति’ आणि ‘पचते’ दोन्ही शुद्ध आहेत, तर मग फरक काय? नावातच तो आहे: परस्मै म्हणजे दुसऱ्यासाठी, आत्मने म्हणजे स्वतःसाठी. आचारी दुसऱ्यांसाठी रांधतो तेव्हा ‘पचति’, आणि एखादा आपल्यापुरते रांधतो तेव्हा ‘पचते’. मराठीत आपण हेच काम वेगळ्या साधनाने करतो. ‘भात शिजवून देतो’ आणि ‘भात शिजवून घेतो’ यांतल्या ‘देतो’ व ‘घेतो’मध्ये देणेघेणे काही नाही, फळ कोणाकडे जाते एवढेच सांगायचे असते. यज्ञाचे उदाहरण व्याकरणकारांना विशेष प्रिय आहे. पुरोहित ‘यजति’, कारण फळ दुसऱ्याला मिळणार. ज्याच्या घरी यज्ञ आहे तो ‘यजते’, आणि म्हणूनच तो ‘यजमान’.

हा ‘मान’ लक्षात ठेवण्यासारखा आहे. परस्मैपदाचे प्रत्यय मराठीच्या हाडीमासी मुरले, पण आत्मनेपद प्राकृतातच मागे पडले आणि बोलीतून मराठीपर्यंत पोचले नाही. त्यामुळे ‘लभते’ आपल्या कानाला परके वाटते. त्याच्या खुणा मराठीत आहेत त्या संस्कृतमधून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत. वर्तमान (वर्तते), विद्यमान (विद्यते), वर्धमान (वर्धते) यांतले ‘मान’ आत्मनेपदी धातूला लागते. ‘वर्तमानकाळ’ या शब्दातच एक आत्मनेपदी धातू बसला आहे! मात्र ‘बुद्धिमान’, ‘शक्तिमान’ यांतले ‘मान’ वेगळे आहे. ते नामाला लागते आणि ‘असलेला’ असा अर्थ देते.

अर्थाची ही कसोटी सगळीकडे चालत नाही. ती दोन्ही पदे घेणाऱ्या, म्हणजे उभयपदी धातूंपुरतीच आहे आणि तिथेही अनेक लेखकांनी ती पाळलेली नाही. ‘लभ्’ नेहमी आत्मनेपदी, ‘गम्’ एरवी परस्मैपदी. मिळवणे स्वतःसाठीच असते हे पटते, पण जाणे कोणासाठी? असे प्रश्न विचारू लागलो तर उत्तरे बनवावी लागतील. धातूचे पद कोशातच पाहावे, आणि विद्यार्थ्याने ‘लभ्’ पाठ करण्याऐवजी ‘लभते’ पाठ करावे, म्हणजे पद आपोआप लक्षात राहते.

वाचताना फसवणारी एक जागा सांगितली पाहिजे. ‘पचते’ एकवचन, मग ‘आसते’? ते अनेकवचन आहे: ‘ते बसतात’. ‘आस्’ धातूला मधला ‘अ’ लागत नाही. म्हणून एकवचनी रूप ‘आस्ते’, आणि अनेकवचनात ‘अन्ते’मधला ‘न’ जाऊन ‘अते’ उरते. परस्मैपदात ‘ददति’ असेच फसवते. ‘ददाति’ म्हणजे देतो, ‘ददति’ म्हणजे देतात. ओळखण्याची रीत अशी, की अनोळखी रूपातला ‘अते’ किंवा ‘अति’ पाहून थांबू नये. त्या धातूचे एकवचन काय होते ते आधी विचारावे. एकवचनात हा ‘अ’ नसेल, तर तो अनेकवचनाच्या प्रत्ययाचा आहे.

आता आपल्या राजमुद्रेखालचे ‘जयते’ पाहू. हे वचन मुण्डकोपनिषदातले. पाणिनीच्या नियमाप्रमाणे ‘जि’ धातू परस्मैपदी, म्हणून ‘जयति’. ‘वि’ किंवा ‘परा’ उपसर्ग लागला तरच तो आत्मनेपदी होतो: विजयते, पराजयते. उपसर्गाशिवाय ‘जयते’ हे शाळेच्या उत्तरपत्रिकेत चुकीचेच धरले जाईल. पण वेद आणि उपनिषदे यांच्या भाषेत पदांची निवड पुढच्या संस्कृतइतकी बांधलेली नव्हती, आणि आपल्या नाण्यांवर व नोटांवर त्या मोकळ्या भाषेतलेच रूप छापलेले आहे.