दुखणं कमी झालं, तेव्हा

"डॉक्टर, आता पुष्कळ बरं वाटतंय. एक सलाईन लावा, जातो घरी."

सकाळचे साडेआठ वाजले होते. पन्नाशीतले हे हमाल खाटेवर अगदी निश्चल पडून बोलत होते. पहाटे चारला, झोपेतच, पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ आली होती. पेप्टिक अल्सर फुटलेला रुग्ण दुखणं सुरू झाल्याची वेळ बहुधा घड्याळ लावून सांगतो. "तेव्हा अंगाला हातसुद्धा लावू देत नव्हते," त्यांची बायको म्हणाली. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या दोन महिने चालू होत्या, बऱ्याचदा उपाशीपोटी. या गोळ्यांनी जठराच्या आतलं संरक्षक अस्तर दुबळं होतं. त्यात बिडीची भर.

मी खोकून दाखवायला सांगितलं; त्यांनी मान हलवून नकार दिला. श्वासाबरोबर पोट हलत नव्हतं. हात ठेवला तर लाकडी फळीवर ठेवल्यासारखा लागला. नाडी ११२.

दुखणं कमी का झालं होतं, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण याच टप्प्यावर माणसं घरी परततात. भोक पडताच जठरातलं आम्ल आणि पित्त उदरपोकळीत सांडतं. पोकळीचं नाजूक आवरण त्याने अक्षरशः भाजतं आणि पोटाचे स्नायू आवळून धरले जातात. भाजलेल्या जागी फोड येऊन पाणी जमतं, तसं या आवरणातूनही पाणी झरू लागतं. त्याने आम्ल पातळ होतं आणि काही तास आराम वाटतो. पण ते पाणी रक्तातून आलेलं असतं. नाडी वाढते, लघवी कमी होते. बारा तासांच्या आसपास जंतू वाढून पू धरू लागतो, आणि मग जंतूंचं विष रक्तात जातं. म्हणून अशा वेळी रुग्णाच्या शब्दांपेक्षा त्याच्या पोटावर आणि नाडीवर विश्वास ठेवावा.

आम्ही एक्स-रे काढला, तो पोटाचा नव्हे, छातीचा. आधी त्यांना दहा मिनिटं ताठ बसवलं. भोकातून पाण्याबरोबर हवाही निसटते, आणि हवा वर चढायला वेळ लागतो. उजवीकडे श्वासपटलाखाली लगेच यकृत असतं. मध्ये फट नसते. आमच्या फिल्मवर तिथे चंद्रकोरीसारखी काळी रेघ होती. वॉर्डात सगळे तिला 'गॅस अंडर डायफ्राम' म्हणतात. डावीकडे जठरातली नेहमीची हवा दिसतेच, तिने फसायला होतं. म्हणून नजर उजवीकडे आधी जाते. मात्र बऱ्याच रुग्णांत ही कोर दिसतच नाही, कारण भोकावर यकृत किंवा चरबी चिकटून बसलेली असते. पोट फळीसारखं असेल तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सोडायचं नाही. सीटी स्कॅन करायचा.

भोक आपोआप बुजत नाही का? काहींचं बुजतं. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० रुग्णांना आधी शस्त्रक्रियेविना ठेवलं. त्यातल्या ११ जणांना बारा तासांत उतार पडला नाही आणि ऑपरेशन करावंच लागलं. सत्तरीपुढच्यांना या पद्धतीचा लाभ आणखी कमी झाला. कुणाचं बुजेल हे आधी ओळखता येत नाही, आणि वाट पाहण्याची किंमत मोठी आहे. डेन्मार्कमधल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत, दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या प्रत्येक वाढीव तासागणिक वाचण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटलेली दिसली.

तरी कोरड्या पडलेल्या माणसाला तसंच भूल देणंही धोक्याचं. नाकातून नळी घालून जठर रिकामं केलं, सलाईन वेगाने सोडलं, अँटिबायोटिक दिलं. लघवी सुटू लागल्यावर त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं.

पोट उघडलं तेव्हा पित्ताने हिरवटलेलं दीड-दोन लिटर पाणी आणि त्यात रात्रीच्या भाताची शितं होती. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे, पुढच्या बाजूला, मसुराएवढं भोक. त्याच्या कडा सुजून इतक्या मऊ झालेल्या असतात की ओढून शिवल्या तर दोरा त्यांना कापत जातो. म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंनी तीन टाके घेतले, गाठी न मारता. आतड्यांवर पसरलेल्या चरबीच्या पडद्याची एक जिवंत झालर ओढून भोकावर ठेवली आणि तिच्यावर हलकेच गाठी मारल्या. गाठ घट्ट बसली तर झालरीचा रक्तपुरवठा तुटतो आणि बूच कुजतं. टोरंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली मांडलेली ही रीत आजही चालते. मग कोमट सलाईनने पोट धुतलं, परत येणारं पाणी नितळ होईपर्यंत. इथे खरा वेळ जातो, आणि इथे घाई केली तर पुढे पुवाची गाठ होते.

अल्सरला दुसरं कारण असतं हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचं. त्याची तपासणी सकारात्मक आली, म्हणून त्याच्यावरच्या गोळ्याही लिहून दिल्या.

दहाव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा बायकोने पिशवीतून गुडघ्याच्या गोळ्यांची उरलेली अडीच पाकिटं काढली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली.