बनावट मेलचा माग : पुरावा पुढे ढकलू नका, जपा

मुंबईत २००९ मध्ये एका खासगी कंपनीतल्या तरुणीला अनोळखी पत्त्यावरून अश्लील मेल येऊ लागले. तपासाअंती ते पाठवणारा तिचाच सहकारी निघाला. जुलै २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. सायबर पाठलागाच्या गुन्ह्यातली ही राज्यातली पहिली शिक्षा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. अनोळखी पत्त्यापासून शिक्षेपर्यंतचा हा प्रवास सहा वर्षांचा होता, आणि तो शक्य झाला तो पुराव्यामुळे. तो पुरावा नेमका कुठे असतो आणि कशाने नष्ट होतो, हे समजून घेण्यासाठी आपण एक उदाहरण घेऊ.

समजा, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात एका पतसंस्थेची शाखा आहे. एका मंगळवारी शाखाधिकाऱ्यांसह पाच जणांना मेल येतो. पाठवणाऱ्याच्या जागी शाखेतल्या रोखपाल बाईंचं नाव आहे आणि मजकुरात त्यांनीच एका खातेदाराबद्दल गलिच्छ लिहिल्याचं दिसतं. बाई म्हणतात, ‘हा मेल माझा नाही.’ शाखाधिकारी घाईघाईने तो मेल मुख्य कार्यालयाच्या आयटी विभागाला फॉरवर्ड करतात आणि ‘घाण नको’ म्हणून मूळ मेल पुसून टाकतात. हेतू चांगला होता, पण तपासाचं सर्वात मोठं नुकसान इथेच झालं.

मेलचा डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे फक्त मजकूर. त्याच्या मागे हेडर नावाची नोंद असते. टपालाच्या पाकिटावर वाटेतल्या प्रत्येक कचेरीचा शिक्का उमटावा, तसा मेल ज्या ज्या सर्व्हरमधून जातो तो प्रत्येक सर्व्हर त्यावर आपली ओळ चढवतो. फॉरवर्ड केल्यावर पुढे जातो तो शाखाधिकाऱ्यांनी पाठवलेला नवा मेल. जुना मजकूर त्यात उतरतो, पण जुने शिक्के मागेच राहतात. स्क्रीनशॉटमध्ये तर ते कधीच नसतात.

सुदैवाने उरलेल्या चौघांकडे मूळ मेल आहे. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून `Show original` निवडलं की हेडर दिसतो, आणि तिथल्या `Download Original` ने पूर्ण मेल `.eml` फाइल म्हणून उतरवता येतो. आयटी विभागाला हवी असते ती हीच फाइल, जोडपत्र म्हणून पाठवलेली. आपल्या उदाहरणात तिच्यातल्या कामाच्या ओळी अशा असतील :

```
From: "Rokhpal" <rokhpal.talwada@example.com>
Received: from mail.example.com ([203.0.113.25])
  by mx.example.in; Tue, 11 Mar 2025 04:12:07 +0000
Authentication-Results: mx.example.in;
  spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

इथे दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. पहिलं ठिकाण म्हणजे तीन वेळा आलेला `pass`. तो पाहून कुणी म्हणेल, ‘बघा, मेल खरा आहे!’ पण या तपासण्यांचा प्रश्न एवढाच असतो, की मेल `example.com` या सेवेच्या परवानगीनेच निघाला का? ते खाते कुणी उघडलं, हे त्या सांगत नाहीत. फुकट मेल सेवेवर कुणीही कुणाच्याही नावाने खाते काढू शकतो, आणि तिथून गेलेल्या मेलला `pass` मिळतोच. उलट, कुणी संस्थेचाच पत्ता खोटेपणाने वापरला असता तर इथे बहुधा `fail` दिसलं असतं. म्हणून आधी बाईंचा खरा पत्ता आणि हा पत्ता अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचा. इथे नाव त्यांचं आहे, पत्ता परका आहे.

दुसरं ठिकाण वेळेचं आहे. हेडरवर ४ वाजून १२ मिनिटं दिसतात, म्हणून मेल पहाटे गेला असं वाटतं. पण शेवटचं `+0000` सांगतं की ही जागतिक प्रमाणवेळ आहे. तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते सकाळी ९ वाजून ४२ मिनिटं ७ सेकंद. म्हणजे मेल पहाटे नाही, कामावर येण्याच्या सुमारास गेला. ही बेरीज विसरली तर पोलीस भलत्याच वेळेची नोंद मागतील.

चुकीच्या नोंदीची किंमत किती असते, हे पुण्याच्या २००७ मधल्या एका प्रकरणाने दाखवलं. ऑर्कुटवरच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात सेवा कंपनीने आयपी पत्त्यावरून चुकीच्या ग्राहकाचा तपशील दिला. पुणे पोलिसांनी बंगळूरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली आणि निर्दोष असूनही त्याला सुमारे पन्नास दिवस येरवडा तुरुंगात काढावे लागले. आज तर मोबाइल नेटवर एकाच आयपी पत्त्यामागे एका वेळी अनेक ग्राहक असतात. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक असल्याशिवाय त्यातून एक माणूस वेगळा काढता येत नाही.

शिवाय जीमेलच्या संकेतस्थळावरून मेल पाठवला तर हेडरमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता येतच नाही, फक्त गूगलच्या सर्व्हरचा येतो. खाते कुठून उघडलं, कुठून वापरलं, हे सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीत असतं आणि ते मागण्याचा अधिकार पोलिसांना व न्यायालयाला आहे. आयटी विभाग माणूस पकडून देत नाही. तो मूळ मेल जपतो, संस्थेच्या सर्व्हरवरच्या नोंदी पुसल्या जाण्याआधी बाजूला काढतो आणि कुणाकुणाला मेल पोहोचला याची यादी करतो. अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्यात, असा सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. म्हणून ‘पाहू नंतर’ म्हणणं धोक्याचं.

जपलेली फाइल मधल्या काळात कुणी बदलली नाही, हे कसं दाखवायचं? त्यासाठी हॅश असतो. फाइल एका गणिती प्रक्रियेतून नेली की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. विंडोज संगणकावर ती अशी काढतात :

```
certutil -hashfile mel.eml SHA256
```

फाइल मिळाल्या दिवशी ही ओळ, तारीख आणि काढणाऱ्याचं नाव कागदावर नोंदवून सही घ्यायची. पुढे दोन वर्षांनी तीच ओळ आली, तर फाइल तीच आहे. मेल कुणी लिहिला हे मात्र हॅश सांगत नाही.

न्यायालयात या काळजीला वजन आहे, आणि त्यामागचा महत्त्वाचा निकाल आपल्या शेजारच्या जालन्यातून आलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्ष देऊन न्यायालयात आणलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर हॅश लिहिण्यासाठी जागाच दिलेली आहे.

व्हॉट्सअॅपवर बनावट खात्यातून बदनामी झाली तरी सूत्र हेच. नाव आणि फोटो कुणीही लावू शकतो, म्हणून आधी खात्याचा मोबाइल क्रमांक टिपून घ्या. `Export chat` ने संभाषण उतरवा आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर त्याच दिवशी उतरवा. आणि ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, रिसेट करू नका.

असा मेल किंवा मेसेज तुमच्याकडे आला तर ज्याच्या नावाने तो आला त्या सहकाऱ्यावर लगेच विश्वास-अविश्वास ठरवू नका, पाठवणाऱ्याला उत्तर देऊ नका आणि तो गटात फिरवू नका. मूळ मेल तिथेच राहू द्या, फाइल उतरवा, आयटी विभागाला कळवा. मग पोलीस ठाण्यात किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. संशयिताचं नाव सर्वात शेवटी येऊ द्या, आधी नोंदी बोलू द्या.